पट्टी वाचणारी मुलगी

*ताई, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. तीन एकर कोरडवाहू आहे, वडील सुगीच्या दिवसांत मोंढ्यात हमालीला जातात. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. परभणीला बी.कॉम. केलं आणि दोन वर्षं एका कर सल्लागाराकडं टॅली, जीएसटीचं काम करतेय. आता पुण्यात अकाउंट्सची नोकरी बघायची म्हणून लिंक्डइनवर प्रोफाइल काढलं आणि अबाउटपाशी अडले. मैत्रीण म्हणते, गावाचं नाव काढूच नको, लोक कमी समजतात. क्लासचे सर म्हणतात, वडिलांची हमाली लिही, वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. मला दोन्ही पटंना. लहान गावातून आल्याचं लोक ताकद म्हणून सांगतात, पण माझ्याकडं सांगण्यासारखं काय आहे? गावातले लोक मोंढ्यातून आले की पट्टी तपासायला माझ्याकडं आणायचे, तेवढंच. आत्ता जे लिहिलंय ते सोबत पाठवतेय.*

*— एक वाचक, परभणी*

तुझ्या पत्रातला 'तेवढंच' हा शब्द वाचला आणि पत्राखालचा नंबर फिरवला. पाऊण तास बोललो आपण. तू जे सांगितलंस त्यातलं थोडं, तुझ्या परवानगीनं, आधी इथं मांडते, कारण माझं सगळं उत्तर त्यातच आहे.

दसऱ्याच्या पुढं-मागं सोयाबीन मोंढ्यात जातं. आडतीवर लिलाव होतो, भाव ठरतो. मापाडी कट्टे काट्यावर घालून वजनाची चिठ्ठी देतो. मग मुनीम पट्टी करतो: वजन, भाव, रक्कम, त्यातून हमाली-तोलाई वजा, आणि खाली हातात पडणारे पैसे. माणूस पट्टी खिशात घालतो, किराणा घेतो आणि संध्याकाळची एसटी धरतो. तू आठवीत असताना शेजारचे काका अशीच एक पट्टी घेऊन आले. काट्याच्या चिठ्ठीवर वजन होतं १२ क्विंटल ४० किलो. पट्टीवर लिहिलेलं होतं १२.०४. भाव ३,६०० रुपये. म्हणजे ४४,६४० रुपयांच्या जागी ४३,३४४ लागलेले, १,२९६ रुपये कमी. काका दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत गेले, मुनिमानं बघितलं, चूक मान्य केली आणि पैसे दिले. त्यानंतर गल्लीतले सगळेच तुझ्याकडं यायला लागले.

आता हिशेबाच्या खोलीतली एक जुनी खूण सांगते. तुझ्या सरांनी ती तुला दोन वर्षांपूर्वी शिकवली, असं तू म्हणालीस. दोन बाजू जुळत नसतील तर फरकाला ९ नं भाग जातो का ते बघायचं. जात असेल तर शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याची शक्यता आधी तपासायची. १,२९६ ला ९ नं भागलं की बरोबर १४४ येतात. वजनातला फरक ३६ किलोचा, त्यालाही भाग जातो. ४० चे ०४ झाले होते. दरवेळी हेच कारण असतं असं नाही, पण अनुभवी माणूस पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतो. तू आठवीत बोट ठेवलंस, नियम नंतर कळला.

याहून मोठी गोष्ट पुढं आहे. तू ज्या नोकरीसाठी अर्ज करणार आहेस तिला कंपन्यांमध्ये अकाउंट्स पेएबल म्हणतात, म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासून पैसे सोडायचे. त्या कामाचा कणा म्हणजे तीन कागद एकमेकांशी जुळवणं: खरेदीची ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल. ऑर्डरीत भाव काय ठरला, माल प्रत्यक्षात किती आला, आणि बिल कितीचं लावलंय. तिन्ही जुळले तर पैसे, नाहीतर बिल बाजूला. तू काय करत होतीस? लिलावातला भाव, काट्याची चिठ्ठी आणि पट्टी. तेच तीन कागद, फक्त तू विकणाऱ्याच्या बाजूनं बसलेली होतीस. पुण्यातला अकाउंट्सचा मॅनेजर हे वाचेल तेव्हा त्याला मोंढा माहीत नसला तरी चालेल. कागद त्याच्या ओळखीचे आहेत.

म्हणून तुझ्या दोन सल्लागारांपैकी एकाचंही ऐकू नकोस. मैत्रिणीचं ऐकलंस तर हे सगळं जातं आणि उरते एक बी.कॉम. झालेली मुलगी, जशा हजारो आहेत. सरांचं ऐकलंस तर वाचणारा हळहळेल आणि पुढच्या प्रोफाइलवर जाईल. मी वाळूजच्या कारखान्यांत आणि नंतर पुण्यात मिळून बरीच वर्षं माणसं निवडायचं काम केलंय. एकदा एका मुलाचं असंच डोळ्यात पाणी आणणारं लिहिणं वाचून मी त्याला मुलाखतीला बोलावलं. खोलीत बसलेल्या तिघांनी त्याला कामाचं विचारलं, आणि त्याच्याकडं सांगायला परिस्थितीशिवाय काहीच नव्हतं. काम येत नव्हतं असं नाही, ते त्यानं कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. तो ओशाळा होऊन गेला. चूक त्याच्याइतकीच माझीही होती, मी कीव आणि निवड यांची गल्लत केली.

आता तू पाठवलेल्या मजकुराकडं येते. "जिंतूरसारख्या मागास भागातून, अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून आलेली असूनही जिद्दीनं शिक्षण पूर्ण केलेली, मेहनती, प्रामाणिक आणि नवीन शिकण्याची आवड असलेली मुलगी." यात एक शब्द सगळा घात करतो: 'असूनही'. तो शब्द आला की गाव अडथळा ठरतं आणि तू त्यावरून उडी मारलेली. पण तुझ्या बाबतीत ते खरं नाही ना. पट्टी वाचायचं तू गावात होतीस म्हणूनच शिकलीस. पुण्याच्या एखाद्या सोसायटीत वाढलेल्या मुलीच्या दारात आठवीत कोण पट्टी घेऊन येणार होतं? 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' हे शब्दही काढून टाक. ते प्रत्येकजण लिहितो, त्यामुळं वाचताना डोळा त्यांच्यावरून घसरतो.

'मागास' तर पहिल्यांदा काढ. आपल्या भागाला दुसऱ्यांनी लावलेलं विशेषण आपण आपल्याच हातानं कशाला लिहायचं? आणि घरातलं पहिलं पदवीधर असणं ही तुझ्या घराची काही खासगी उणीव नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ हैदराबादला, शिकवणं उर्दूत. औरंगाबादला बाबासाहेबांच्या संस्थेचं मिलिंद महाविद्यालय निघालं १९५० ला, मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ झालं १९५८ ला, आणि तुझी पदवी ज्या नांदेडच्या विद्यापीठाची आहे ते १९९४ चं. तुझ्या आजोबांच्या वयात कॉलेज नावाची गोष्ट बैलगाडीच्या टप्प्यात नव्हतीच. हे अबाउटमध्ये लिहायचं नाही, पण लिहायला बसताना मान खाली घालून बसू नकोस एवढ्यासाठी सांगितलं.

फोनवर मी तुला किती पट्ट्या तपासल्या असं विचारलं, तेव्हा तू "शंभरेक असतील" म्हणालीस. मग मी वही शोधायला लावली. दोन दिवसांनी तुझा निरोप आला: चार हंगाम, ६३ पट्ट्या, ७ मध्ये चूक. आणि जाताजाता तू असंही लिहिलंस की त्या सातांतल्या दोन चुका शेतकऱ्याच्या फायद्याच्या होत्या, त्याही तू सांगितल्यास. एकानं पैसे परत नेऊन दिले, दुसऱ्यानं नाही दिले. बाई गं, हे तू शेवटी का लिहिलंस? 'प्रामाणिक' या शब्दानं जे कधीच होणार नाही ते या एका वाक्यानं होतं. शंभरच्या जागी त्रेसष्ट आले याचं वाईट वाटून घेऊ नकोस. 'शंभरेक' हा अंदाज वाटतो, ६३ मोजलेले वाटतात, आणि हिशेबाच्या नोकरीला मोजणारी माणसं लागतात.

हे सगळं बसवून मी एक मसुदा केलाय. समजायला सोपं जावं म्हणून इथं मराठीत देते. प्रोफाइलवर इंग्रजीत नेताना अशीच छोटी वाक्यं ठेव, शब्दकोशातले जड शब्द शोधायला जाऊ नकोस.

"परभणीतल्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी दोन वर्षं १८ व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं टॅलीत घेते आणि दर महिन्याला ती GSTR-2B शी जुळवते. न जुळणारं बिल शोधणं आणि त्याचं कारण काढणं हे माझं काम.

"हे काम मी पहिल्यांदा आमच्या गावात केलं, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात. आठवीपासून मी शेजाऱ्यांच्या धान्यविक्रीच्या पट्ट्या तपासायचे: लिलावातला भाव, काट्यावरचं वजन आणि व्यापाऱ्यानं लावलेली रक्कम. चार हंगामांत ६३ पट्ट्या पाहिल्या, ७ मध्ये चूक सापडली. त्यातल्या २ चुका शेतकऱ्याच्या फायद्याच्या होत्या, त्याही सांगितल्या.

"घरातली मी पहिली पदवीधर. शिष्यवृत्तीचा माझा पहिला अर्ज एका कागदासाठी परत आला. पुढच्या वर्षी मी कागदपत्रांची यादी केली आणि त्या यादीवरून वर्गातल्या ११ मुलींचे अर्ज भरले.

"पुण्यात अकाउंट्स पेएबल किंवा जीएसटी जुळवणीचं काम शोधते आहे."

बघ, सुरुवात गावापासून नाही, आजच्या कामापासून आहे. याचं एक साधं कारण पडद्यावरचं आहे. लिंक्डइन अबाउटला २,६०० अक्षरं देतं, पण फोनवर उघडलं की पहिल्या तीनेक ओळी दिसतात, बाकीचं 'see more' च्या मागं दडतं. तीन ओळींत वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की तू त्याच्या कामाची आहेस, तरच तो पुढं दाबतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तुझं दोन वर्षांचं जीएसटीचं काम हे पट्ट्यांपेक्षा मोठं आहे. विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर GSTR-2B तयार होतं आणि तुझ्या व्यापाऱ्यानं घेतलेलं बिल त्यात दिसलं नाही, तर तू त्या विक्रेत्याला फोन करून, मागं लागून ते भरून घेतेस, हे तू मला सांगितलंस. पगार मिळणार तो याच्यासाठी. गावाची गोष्ट सांगते की ही सवय तुला कोणी कालपरवा लावलेली नाही. ती मुळाशी असावी, शेंड्याला नको. सगळ्या मजकुराच्या निम्म्याहून ती जास्त झाली की समज, तोल गेला.

शिष्यवृत्तीच्या ओळीबद्दलही थोडं. 'पहिली पदवीधर' एवढंच लिहिलं तर ती फक्त माहिती होते, आणि वाचणारा "बरं" म्हणून पुढं जातो. पण पहिलं असण्याचा अर्थ काय असतो? घरात विचारायला कोणी नसतं. महाडीबीटीच्या पोर्टलवर कोणता दाखला जोडायचा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा चालतो, कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज परत आला तर कुठं बघायचं, हे प्रत्येक गोष्टीला एकदा आपटून कळतं. तू पहिल्या वर्षी आपटलीस. दुसऱ्या वर्षी यादी करून भिंतीला लावलीस आणि अकरा जणींना त्या आपटण्यातून वाचवलंस. कार्यालयात अशा माणसाला मोठी किंमत असते. स्वतः चूक झाली की गप्प बसणारे खूप, पुढच्याची होऊ नये म्हणून कागद करून ठेवणारे थोडे. मात्र हे हेडलाइनमध्ये नको. तिथं कामाचं नाव, टॅली, जीएसटी, आणि पुणे. कंपनीची माणसं शोध घेतात ती या शब्दांनी, आणि कितीही चांगली गोष्ट लिहिलीस तरी ती तुला शोधात वर आणणार नाही. शोधातून कोणी तुझ्या पानावर आलं, तर तिथं थांबवायचं काम मात्र ती करते. रेझ्युमेतही तिला एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नकोस. आणि सरकारी भरतीचा फॉर्म भरत असशील तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथं गुण आणि दाखले.

मसुद्यात वडील नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मुद्दाम नाहीत. हमाली लाजेची म्हणून नाही, तर ते त्यांचं काम आहे, तुझं नाही, म्हणून. अबाउट सगळ्या जगाला दिसतं. उद्या गावातला कोणी पोरगा मोबाइलवर ते त्यांनाच वाचून दाखवेल. घरचं कर्ज, कोणाचं आजारपण, जात, उत्पन्न, यातलं काहीही तिथं लिहायचं कारण नाही. वडिलांचा उल्लेख तुला हवाच असेल तर आधी त्यांना विचार, आणि तुझ्या कामाशी जोडणारा असेल तरच घे. मोंढ्यातले कट्टे कसे लागतात, काट्यावर वजन कसं बघायचं, हे तुला त्यांनी दाखवलं असेल तर "वजन वाचायला वडिलांनी शिकवलं, ते मोंढ्यात काम करतात" एवढं वाक्य मला चालेल. त्यात ते शिकवणारे आहेत, दया येण्यासारखे नाहीत.

आडतीचं नाव मात्र कुठंच नको. सातपैकी पाच चुका शेतकऱ्याला बुडवणाऱ्या होत्या, तेव्हा "व्यापारी लुबाडतात" असं लिहायचा मोह होईल. तू लुबाडणूक पकडली नाहीस, चूक पकडलीस. घाईत एका दिवसात शेकडो कट्टे उतरतात तेव्हा मुनिमाच्या हातूनही ४० चे ०४ होतात. पुण्यात तू ज्यांच्याकडं जाणार तेही पुरवठादारांशी रोजचं नातं ठेवून असतात. भांडण न करता बिल दुरुस्त करून आणणारी मुलगी त्यांना हवी असते.

लिहून झालं की दोन गोष्टी कर. एक म्हणजे गावाचा परिच्छेद झाकून उरलेलं वाच. तुझ्याबद्दल काही कमी कळलं असं वाटलं तर तो परिच्छेद राहू दे, काहीच फरक पडला नाही तर तो शोभेचा होता, काढून टाक. दुसरी गोष्ट, पूर्ण मजकूर मराठीत वडिलांना वाचून दाखव. त्यांना अबाउट म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. "असं कुठं झालतं?" असं ते म्हणाले की त्या ओळीत तू फुगवलंयस. मी निवड करणाऱ्या बऱ्याच लोकांबरोबर बसलेय, पण गावाच्या गोष्टीतली फुगवट माझ्या आईइतकी पटकन कोणी पकडत नाही.

मुलाखतीत त्या परिच्छेदावर प्रश्न येणारच, म्हणून काकांच्या पट्टीची गोष्ट दीड-दोन मिनिटांत सांगता यायला हवी: चिठ्ठीवर काय, पट्टीवर काय, फरक किती, तुला कशावरून कळलं, पुढं काय झालं. ९ नं भाग जाण्याचं शेवटी सांग, आणि तो नियम नंतर कळला हेही सांग. कोणी विचारलं की सापडली नाही अशी एखादी चूक होती का, तर काय सांगशील ते आत्ताच ठरव. ६३ मध्ये एखादी सुटली असणारच, आणि "नाही, एकही नाही" असं म्हणणाऱ्या हिशेबनिसावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पाचेक वर्षांनी हे पान पुन्हा उघडशील तेव्हा पट्ट्यांचा परिच्छेद एका वाक्यावर आण. तोवर सांगायला दुसरं बरंच असेल.

आणि ती वही. तू म्हणालीस फोटो काढून प्रोफाइलवर टाकू का. टाकू नकोस. त्यात शेजाऱ्यांची नावं आहेत आणि कोणाला त्या वर्षी किती पैसे आले ते आहे. एक पान कोऱ्या कागदावर, नावं गाळून, नीट रकाने पाडून उतरवून घे आणि मुलाखतीच्या फाइलमध्ये ठेव. वही घरीच राहू दे.